जोसाच्या फेऱ्या: फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड नेमकं काय करतात

प्रश्न: मुलीला जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित जागावाटपाच्या, पहिल्या फेरीत व्हीएनआयटी नागपूरला इलेक्ट्रिकल मिळालं. यादीत ते पाचव्या नंबरला होतं. त्याच्या वर क्रमाने व्हीएनआयटी कॉम्प्युटर, कर्नाटकातल्या एनआयटी सुरतकलचं इलेक्ट्रॉनिक्स, व्हीएनआयटी इलेक्ट्रॉनिक्स आणि ट्रिपल आयटी पुणे कॉम्प्युटर आहेत. आता फ्रीझ, फ्लोट की स्लाइड? कोणी म्हणतं फ्लोट केलं तर हातची सीटही जाते, कोणी म्हणतं फ्रीझ केल्याशिवाय सीट पक्की होत नाही. महाराष्ट्राच्या कॅपमध्येही, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश प्रक्रियेतही, नाव नोंदवलं आहे. काय करावं?

उत्तर:

तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. सीट पक्की होते ती मुदतीत फी भरल्यामुळे आणि कागदपत्रं तपासून मान्य झाल्यामुळे. तीनपैकी कोणतंही बटण दाबलं तरी व्हीएनआयटीची इलेक्ट्रिकलची जागा सारखीच तुमच्या मुलीच्या नावावर राहते. पुढच्या फेरीत तिच्या यादीतले वरचे कोणते पर्याय जिवंत ठेवायचे, एवढंच ते बटण ठरवतं. हे नीट कळायला मधल्या दिवसांत यंत्रणेत काय चालतं ते आधी पाहू.

आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या इतर संस्था 2015 पासून एकाच प्रक्रियेत आल्या. त्याआधी आयआयटीचं आणि एनआयटीचं वाटप वेगवेगळं चालायचं. एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवायचा, आणि त्याने एक सोडेपर्यंत ती भरायची वेळ निघून गेलेली असायची. आता एका मुलाकडे एका वेळी एकच जागा असते. हे वाटप ज्या पद्धतीने होतं तिचं मूळ गेल आणि शॅप्ली या दोघांच्या 1962 सालच्या कामात आहे.

पद्धत अशी. प्रत्येक मुलाचा अर्ज आधी त्याच्या पहिल्या पर्यायाकडे जातो. तिथे जागा साठ आणि अर्ज नव्वद असतील, तर रँकनुसार वरचे साठ तात्पुरते ठेवले जातात आणि उरलेले तीस आपापल्या दुसऱ्या पर्यायाकडे जातात. तिथे ते पोचले की आधीपासून तात्पुरत्या बसलेल्यांशी त्यांची रँक पुन्हा ताडून बघितली जाते. ज्याची रँक खाली असेल तो उठतो आणि स्वतःच्या पुढच्या पर्यायाकडे जातो. कोणालाच हलायची गरज उरली नाही की तात्पुरतं वाटप कायम होतं आणि त्या फेरीचा निकाल लागतो. संगणकावर हे सगळं एका बैठकीत होतं.

यातून एक गोष्ट निघते, आणि पालकांच्या गळी ती उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एखादी जागा तुम्ही पहिल्या नंबरवर लिहिली की पाचव्या, याचा ती मिळण्याच्या शक्यतेशी काही संबंध नाही. वरच्या चार ठिकाणी नकार मिळून मुलगी पाचव्या ठिकाणी आली, तरी तिथे तिची रँक बघतात, पसंतीचा क्रमांक बघत नाहीत. म्हणजे अवघड पर्याय वर लिहून नुकसान होत नाही. नुकसान होतं ते खरी आवड नसलेला पर्याय वर लिहिल्याने, कारण यंत्रणा तुमची यादी शब्दशः खरी मानते.

पुढच्या फेरीत हीच प्रक्रिया पुन्हा चालते. फरक इतकाच की हातात असलेली जागा आता तळ बनते आणि तिच्या खाली तुम्ही घसरू शकत नाही. दरम्यान काहींनी फी भरलेली नसते, काहींची कागदपत्रं नाकारली जातात, काही जण प्रक्रियेतून बाहेर पडतात. मोकळी झालेली एक जागा एकाच मुलाला वर नेऊन थांबत नाही. तो वर गेला की त्याची जुनी जागा मोकळी होते, ती तिसऱ्याला मिळते, त्याची चौथ्याला. ओबीसी-एनसीएल आणि ईडब्ल्यूएसच्या न भरलेल्या जागा खुल्या प्रवर्गाकडे वळवून त्याच फेरीत पुन्हा वाटप केलं जातं. एससी आणि एसटीच्या जागा मात्र अशा वळवल्या जात नाहीत.

आता तुमची यादी घेऊ. फ्रीझ केलं तर वरचे चारही पर्याय पुसले जातात आणि इलेक्ट्रिकल हीच शेवटची जागा ठरते. स्लाइड केलं तर फक्त त्याच संस्थेतले वरचे पर्याय जिवंत राहतात, म्हणजे पहिला आणि तिसरा. सुरतकल आणि ट्रिपल आयटी पुणे त्यातून बाद. फ्लोट केलं तर चारही जिवंत राहतात.

फ्लोटची भीती जिथून येते तो धोका खरा आहे, पण लोक समजतात तो नव्हे. समजा तुम्ही फ्लोट केलं आणि दुसऱ्या फेरीत ट्रिपल आयटी पुण्याची जागा आली. त्या क्षणी व्हीएनआयटीची इलेक्ट्रिकलची जागा आपोआप रद्द होऊन दुसऱ्या कोणाला गेलेली असते. तुम्हाला कोणी विचारत नाही आणि मागे फिरता येत नाही. मग घरात चर्चा सुरू होते की एनआयटीचं नाव मोठं, पुण्याला कशाला जायचं. पण पुणे चौथ्या आणि इलेक्ट्रिकल पाचव्या नंबरवर लिहून तुम्हीच सांगितलं होतं की आम्हाला पुणे जास्त हवं. सीट गेल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेक अशाच असतात. बटणाला दोष दिला जातो, पण घोळ यादीत झालेला असतो, आणि यादी पहिल्या फेरीआधीच लॉक झालेली असते. नंतर तिच्यातला क्रम बदलता येत नाही.

म्हणून आज रात्री मुलीला एकच गोष्ट विचारा. उद्या पुण्याची कॉम्प्युटरची जागा आली आणि नागपूरची इलेक्ट्रिकलची गेली, तर तिला बरं वाटेल का? उत्तर मनापासून हो असेल तर फ्लोट करा आणि निर्धास्त राहा. नाही असेल, आणि सुरतकलचंही फारसं वेड नसेल, तर स्लाइड. मग व्हीएनआयटीतच इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर मिळायची वाट मोकळी राहते आणि पुणे मध्ये येत नाही. सुरतकल हवं पण पुणे नको अशी इच्छा असेल, तर तिला बटणच नाही. फ्लोट करून पुण्याचा धोका पत्करायचा, नाहीतर स्लाइड करून सुरतकल सोडायचं.

वर सरकल्यावर हिशोब बदलतो. पुणे मिळालं आणि तिथे तुम्ही स्लाइड निवडलं तर ते व्यवहारात फ्रीझच, कारण यादीत चौथ्याच्या वर ट्रिपल आयटी पुण्याचा दुसरा पर्यायच नाही. तिसऱ्या क्रमांकाचं व्हीएनआयटी इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तर स्लाइडमध्ये फक्त कॉम्प्युटर उरतं. फ्लोटवरून स्लाइड किंवा फ्रीझ, आणि स्लाइडवरून फ्रीझ, असं पुढच्या फेरीच्या मुदतीत आवळत जाता येतं. म्हणून आजच शेवटचा शब्द द्यायची घाई नसते. मन बदललं तर मात्र पुढचं वाटप होण्याआधी लॉगिन करून पर्याय बदला. वाटपानंतर उपयोग नाही.

स्लाइड करणाऱ्याला त्याच कॉलेजात प्राधान्य मिळतं, असाही एक समज फिरतो. तसं काही नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोकळ्या जागेसाठी फ्लोटवाला, स्लाइडवाला आणि अजून काहीच न मिळालेला असे तिघे असतील, तर ज्याची रँक वर त्याला ती मिळते.

थांबायचं की पुढे बघायचं हे ठरवायला मागच्या वर्षीच्या फेरीनिहाय ओपनिंग आणि क्लोजिंग रँक, म्हणजे जागा मिळालेल्यांतल्या पहिल्याची आणि शेवटच्याची रँक, बघा, त्या जोसाच्या संकेतस्थळावर असतात. पण योग्य ओळ बघा. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या आणि निम्म्या अदर स्टेटच्या असतात. मुलगी बारावी महाराष्ट्रातून झाली असेल तर तिच्यासाठी व्हीएनआयटीत होम स्टेटची ओळ आणि सुरतकलला अदर स्टेटची ओळ. त्यात पुन्हा मुलींसाठीच्या जागांची ओळ वेगळी असते. अनेक पालक सरसकट जेंडर-न्यूट्रलची खुली ओळ बघून निराश होतात किंवा उगाच हरखतात.

ओळ सापडली की पहिल्या फेरीची क्लोजिंग रँक आणि शेवटच्या फेरीची क्लोजिंग रँक यांतला फरक काढा. समजा, केवळ उदाहरणादाखल, मागच्या वर्षी एका ओळीत पहिली फेरी 14,200 ला बंद झाली आणि शेवटची 15,600 ला. म्हणजे वर्षभरापूर्वी ती शाखा साधारण दहा टक्के खाली सरकली. यंदा तीच शाखा पहिल्या फेरीत 14,500 ला बंद झाली आणि तुमच्या मुलीची रँक 15,300 असेल, तर आशा धरायला जागा आहे. रँक 19,000 असेल तर फ्लोट करायला हरकत नाही, पण त्या शाखेच्या भरवशावर काही आखू नका. ज्या ओळीत मुळात तीन-चारच जागा आहेत तिथे हा हिशोब फसवा असतो. एका मुलीने जागा सोडली तरी तिथे क्लोजिंग रँक भलतीकडे उडते.

फेऱ्या किती, हे दरवर्षी बघावं लागतं. 2024 ला पाच होत्या, 2025 ला सहा. शेवटच्या फेरीला फ्लोट-स्लाइड उरत नाही, जे मिळेल ते घ्यायचं. पैसे परत मिळवून बाहेर पडायची, म्हणजे विथड्रॉवलची, सोय शेवटच्या फेरीच्या आधीच्या फेरीपर्यंतच असते. त्यातही प्रोसेसिंग फी कापली जाते, आणि बाहेर पडलेल्याला त्या वर्षी जोसात परत येता येत नाही.

जागा खरोखर हातची जाते ती दुसऱ्याच दोन कारणांनी, आणि त्यांच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. पहिलं कारण म्हणजे मिळालेली जागा आवडली नाही म्हणून फी न भरता पुढच्या फेरीची वाट बघणं. जोसात जागा मिळूनही स्वीकारली नाही, तर तुम्ही पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून बाद होता. काहीच न मिळालेला मुलगा आपोआप पुढच्या फेरीत जातो, पण मिळालेलं नाकारणारा जात नाही.

दुसरं कारण म्हणजे कागदपत्रांवर आलेली क्वेरी. तपासणी करणारा अधिकारी पोर्टलवर शंका टाकतो आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे हमखास अडकतं ते ओबीसी प्रमाणपत्र. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर जोसात चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, केंद्राच्या यादीतल्या जातीचं आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं लागतं. राज्यात मिळणारा एसईबीसी प्रवर्ग तर जोसात अस्तित्वातच नाही. फी भरली की काम झालं असं समजून लोक पोर्टल बंद करतात. तुम्ही क्वेरीची मुदत संपेपर्यंत दिवसातून दोनदा तरी लॉगिन करून बघा.

आता कॅप. जोसाची सवय घेऊन इथे आलात तर फसाल.

जोसात यादी एकदाच भरायची असते, कॅपमध्ये प्रत्येक फेरीला नवा ऑप्शन फॉर्म भरता येतो. ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण समजा पहिल्या फेरीत पुण्यातल्या एका कॉलेजात ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम, मिळालं, तुम्ही हजार रुपये स्वीकृती शुल्क भरलं आणि बेटरमेंट घेतलं, म्हणजे जागा फ्रीझ केली नाही. दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना असू द्यावं म्हणून खाली एका दूरच्या कॉलेजचं कॉम्प्युटर टाकलंत. यंत्रणेला तुमच्या हातातली ईएनटीसी या नव्या यादीत कुठे बसते हे माहीत नसतं. नव्या फॉर्ममध्ये लिहिलेलं सगळं हातातल्या जागेपेक्षा चांगलं, असंच ती धरते. ते दूरचं कॉलेज लागलं की ईएनटीसी रद्द. नव्या फॉर्ममधलं काहीच मिळालं नाही तर मात्र जुनी जागा कायम राहते. म्हणून बेटरमेंट घेतलेल्याने पुढच्या फेरीत फक्त तेच पर्याय लिहायचे ज्यांच्यासाठी हातातली जागा हसत सोडता येईल. तीन असतील तर तीनच लिहा. फॉर्म लांब दिसावा म्हणून भर घालू नका.

दुसरा फरक ऑटो-फ्रीझचा. 2025-26 च्या अभियांत्रिकी प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं तरी तेच. म्हणजे जोसात निर्धोक असलेला क्रम इथे थोडा जपून लावावा लागतो. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या नंबरचं मिळालं, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या नंबरची वाट बघता येत नाही.

यात टीएफडब्ल्यूएस विसरू नका. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफीच्या या जागांना स्वतंत्र चॉइस कोड असतो. तोच कोर्स, तेच कॉलेज, पण ओळी दोन. माफीची ओळ नेहमीच्या ओळीच्या वर लिहायची, हे सरळ आहे. मात्र त्यामुळे पहिल्या तिनांतल्या दोन जागा एकाच कॉलेजने खाल्ल्या आणि तिसऱ्या नंबरवर तुम्ही तडजोडीचं कॉलेज टाकलं, तर ऑटो-फ्रीझ त्या तडजोडीवर होऊ शकतं. पहिल्या तीन आणि पहिल्या सहा ओळींत, मिळाल्यावर पुढे काही नको असं वाटेल तेवढंच ठेवा. त्यातली एक-दोन आवाक्याबाहेरची असली तरी चालेल. आधी सांगितलं तसं, अवघड पर्याय वर असल्याने खालच्यांची शक्यता कमी होत नाही. दरवर्षी माहितीपुस्तिकेत हे नियम बदलू शकतात, तेव्हा यंदाच्या पुस्तिकेतलं ऑटो-फ्रीझचं कलम फॉर्म भरायच्या आधी स्वतः वाचा.

दोन्ही प्रक्रिया एकमेकींना ओळखत नाहीत. जोसातली जागा हातात असताना कॅपचा फॉर्म भरता येतो. पण वेळापत्रक बघा. 2025 मध्ये जोसाची सहावी फेरी जुलैच्या मध्याला झाली आणि कॅपची पहिली यादी जुलैच्या अखेरीस लागली. म्हणजे कॅपमध्ये काय मिळतंय हे कळायच्या आत जोसातून पैसे घेऊन बाहेर पडायचं दार बंद झालेलं होतं. यंदाही अंतर तसंच असेल तर विथड्रॉवलचा निर्णय तुम्हाला एमएचटी-सीईटीचा गुणवत्ता क्रमांक आणि मागच्या वर्षीचे कॅपचे कटऑफ शेजारी ठेवून करावा लागेल. पुण्या-मुंबईतली तिला खरोखर व्हीएनआयटीच्या वर वाटणारी कॉलेजं मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे आवाक्यात आहेत का, ते आत्ताच बघून ठेवा. नसतील तर कॅपचा फॉर्म भरण्यात वेळ घालवण्यापेक्षा जोसाच्या उरलेल्या फेऱ्यांकडे लक्ष द्या.